घाबरू नका, घाबरू नकोस

फारसीत 'तू'ला 'तो' म्हणतात. त्यामुळं मी त्या शॉर्टफिल्मचा कच्चा कट आईला लॅपटॉपवर दाखवत होते, तेव्हा ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, "कोण तो? कोणाबद्दल बोलतायत?" मी सांगायचे, "अगं, तो म्हणजे तू." मग ती माझ्याकडं बघायची, म्हणजे मी म्हणजे तू का, अशा नजरेनं. शेवटी तिनं पॉज दाबलं आणि म्हणाली, "आधी मराठीत लिहून आण, मग बघू."

ते लिहून आणणं हेच माझं काम होतं. मी दिवसभर एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहिते. लॉकडाऊनमध्ये फारसी शिकायला घेतली आणि ती सुटली नाही. पुण्यात इराणी विद्यार्थी बरेच. त्यातल्या एकीनं अठरा मिनिटांची फिल्म केली होती आणि तिला इंग्रजीसोबत मराठी सबटायटल्स हवी होती. फिल्म तेहरानमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची. तो तिला 'हाज-खानुम' म्हणतो, ती त्याला 'हाज-आगा'. हजला जाऊन आलेल्यांना असं म्हणतात, आणि न गेलेल्या वयस्कर माणसांनाही मानानं म्हणतात. पहिली बारा मिनिटं घरात काहीच घडत नाही. चहा होतो, गोळ्या घेतल्या जातात, मुलाचा फोन येतो. मग आजोबा कोसळतात, टॅक्सी, हॉस्पिटल, आणि शेवटी दोन वाक्यं.

सबटायटल्स एकूण १४३. मला वाटलं, दोन रविवार लागतील. दोन महिने लागले, आणि ते जवळपास सगळे एकाच प्रश्नावर गेले. कुणी कुणाला काय म्हणायचं?

वरवर पाहिलं तर यात प्रश्नच नाही. फारसीत 'तो' म्हणजे तू आणि 'शोमा' म्हणजे तुम्ही. मराठीसारखंच 'शोमा' हे अनेकवचनही आहे आणि एकट्या माणसाला आदरानं म्हणायलाही तेच. शिवाय दोन्ही भाषांत सर्वनाम गाळता येतं, कारण क्रियापद सगळं सांगून टाकतं. 'चाई मीखोरी?' म्हणजे चहा घेतोस का किंवा घेतेस का, आणि बोलीत 'चाई मीखोरीन?' म्हणजे चहा घेता का. शेवटचा तो 'न' म्हणजेच आदर. माझ्यातल्या इंजिनियरनं लगेच दोन ओळींचं कोष्टक केलं: 'तो'ला तू, 'शोमा'ला तुम्ही. फाइंड अँड रिप्लेस.

कोष्टक पहिल्यांदा मोडलं ते मुलाच्या फोनवर. मुलगा परदेशात राहतो. फोन करून आईला विचारतो, 'मामान, शोमा खूबीन?' कोष्टकाप्रमाणं मी लिहिलं, "आई, तुम्ही बऱ्या आहात ना?" आईला दाखवलं. ती म्हणाली, "जावई आहे होय? मला वाटलं मुलगा."

तिचं बरोबर होतं. आमच्याकडं, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक घरांत, आईला 'तू' म्हणतात. 'आई' आणि 'तुम्ही' एका वाक्यात आले की समोर सासू उभी राहते. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालंय. मी रोज एका बाईला "आई, तुम्ही" म्हणते आणि दुसऱ्या बाईला "आई, तू". त्यामुळं ती चूक मला आईच्या आधी कळायला हवी होती. आईला 'तुम्ही' म्हणणारी मराठी घरंही आहेत, पण सबटायटल दोन सेकंद पडद्यावर असतं. तेवढ्यात प्रेक्षक सगळ्यात ओळखीचा अर्थ घेतो आणि पुढं जातो.

इराणमध्ये आईला 'शोमा' म्हणणारा मुलगा आईपासून लांब आहे असं काही नसतं. कुठल्या घरात 'तो' चालतं, कुठल्या घरात 'शोमा', आणि 'शोमा' म्हणणारा मुलगाही आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. म्हणजे फारसीतला 'शोमा' आदर आणि जवळीक दोन्ही एकत्र नेऊ शकतो, आणि मराठीत आईच्या बाबतीत ते काम 'तू' करतं. मी मुलाची सगळी वाक्यं 'तू'वर आणली. "आई, तू बरी आहेस ना?" कोष्टकात शब्दाशेजारी शब्द न ठेवता नात्याशेजारी नातं ठेवायचं, एवढं त्या दिवशी कळलं. वाटलं, आता जमलं.

मग मी जोडप्याकडं वळले.

हाज-आगा आणि हाज-खानुम दोघंही एकमेकांना 'शोमा' म्हणतात. दिग्दर्शिकेनं सांगितलं, तिच्या आजी-आजोबांच्या पिढीत असं खूप घरांत होतं. तिचे आईवडील घरात एकमेकांना 'तो' म्हणतात आणि पाहुणे आले की 'शोमा'. ती स्वतः तिच्या मित्राला चारचौघांतही 'तो' म्हणते. तीन पिढ्या, तीन पद्धती. पण एक गोष्ट तिन्हींत सारखी. जे तो म्हणतो तेच ती म्हणते.

नात्याशेजारी नातं ठेवायचं हा माझा नवा नियम होता, म्हणून मी माझ्या ओळखीचं म्हातारं जोडपं डोळ्यांसमोर आणलं. आजोबा आजीला म्हणायचे, "अगं, चहा घेतेस का?" आजी आजोबांना म्हणते, म्हणायची, "अहो, गोळी घेतलीत का?" आईबाबांचं आजही तसंच. मी तसं लिहिलं आणि वाक्यं एकदम जिवंत झाली. हाज-आगा सदाशिव पेठेत राहत असल्यासारखे बोलायला लागले. मी खूश होऊन फाइल पाठवून दिली.

दिग्दर्शिकेला मराठी येत नाही, पण पुण्यात राहून हिंदी येते. तिचा फोन आला. "हा तिला 'तू' का म्हणतोय? रागावलाय का?"

मी तिला समजावलं की मराठीतला 'तू' हिंदीतल्या 'तू'इतका टोकदार नाही. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत, त्यामुळं तिथला 'तू' तळाला जातो. मराठीत रोजच्या बोलण्यात दोनच, म्हणून आपला 'तू' हिंदीतल्या 'तुम'चंही काम करतो. यात राग नाही, माया आहे.

ती म्हणाली, "ठीक आहे. मग ती त्याला का नाही म्हणत?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. "आमच्याकडं तसंच म्हणतात" हे उत्तर होतं, पण फिल्म आमच्याकडची नव्हती. तिनं लिहिलेल्या दोन माणसांमध्ये बोलण्याच्या पातळीवर कुणी वर नव्हतं, कुणी खाली नव्हतं. (इराणी घरांत सगळं समसमान असतं असं ती म्हणत नव्हती, तिची पुढची फिल्म त्यावरच आहे.) मी ओघवतं मराठी लिहिण्याच्या नादात त्यांच्यात एक पायरी बांधून दिली होती. आणि ती बांधताना माझ्या हाताला काहीच जाणवलं नव्हतं, कारण मी त्याच पायरीवर खेळत मोठी झाले. मी माझ्या नवऱ्याला 'तू' म्हणते आणि तो मला 'तू' म्हणतो, याचं मला कोण कौतुक. आणि अनुवाद करायला बसले तर पहिल्या झटक्यात आजीचं 'अहो' आणि आजोबांचं 'अगं' बाहेर आलं.

दुसरा खर्डा मी सरळ केला. दोघंही 'तुम्ही'. "हाज-खानुम, चहा घेता का?" "हाज-आगा, गोळी घेतलीत का?" ऑफिसमधल्या दोन मराठी मित्रांना दाखवला. एक म्हणाला, "भारी! पेशवाई आहे का?" बायकोला 'तुम्ही' म्हणणारा नवरा आपण पाहिलाय तो मुख्यतः ऐतिहासिक मालिकांत. काही जुन्या घराण्यांत खरंही असेल, पण बाकीच्यांच्या कानाला फेटा आणि तलवार ऐकू येते. 'आपण' तर त्याहून अवघड. "आपण कधी जाणार?" हे वाक्य पडद्यावर आलं तर बायकोला आदरानं विचारलंय की दोघांनी मिळून जायचंय, हे कळायला मार्गच नाही.

पेशवाई वाटते म्हणून सोडून द्यावं आणि पहिल्या खर्ड्याकडं परत जावं, असं मनात आलं होतं. पण तसं करता येत नव्हतं, आणि त्याचं कारण ती शेवटची दोन वाक्यं.

हॉस्पिटलमध्ये हाज-आगा शुद्धीवर येतात. हाज-खानुम वाकून म्हणते, 'नतर्स, मन इंजाम.' घाबरू नकोस, मी इथं आहे. डोळे उघडून ते म्हणतात, 'कोजा बूदी?' कुठं होतीस? फिल्म संपते.

कागदावर यात काहीच नाही. पण अठरा मिनिटं ज्यांनी एकमेकांना 'शोमा' म्हटलं, ते दोघं इथं 'तो'वर येतात. आणि 'तो' हा शब्द कुणीच उच्चारत नाही. 'नतर्सीन'मधला शेवट गळून 'नतर्स' उरतं, 'बूदीन'मधला गळून 'बूदी' उरतं, एवढंच. इराणी प्रेक्षकाला तो गळलेला शेवट ऐकू जातो. दिग्दर्शिका म्हणाली, तिनं ही फिल्म त्या गळलेल्या शेवटासाठीच केली.

आता पहिला खर्डा घेऊन पाहा. आजी सुरुवातीपासून 'तुम्ही' म्हणतेय, त्यामुळं तिचं "घाबरू नका"वरून "घाबरू नकोस"वर येणं मराठीत उत्तम ऐकू येतं. फारसीइतकंच छोटं, सर्वनामाशिवाय, फक्त क्रियापदाच्या टोकाला. पण आजोबा पहिल्या मिनिटापासून 'तू'च म्हणतायत. त्यांचं "कुठं होतीस?" हे सतराव्या मिनिटाला तसंच, जसं दुसऱ्या मिनिटाला. फारसीत दोघं एकमेकांकडं एकेक पाऊल येतात. माझ्या मराठीत आजी एकटीच चालत जाते आणि आजोबा जागेवर पडून राहतात. ओघवतेपणानं फिल्मचा अर्धा शेवट खाल्ला होता.

म्हणजे मला असे आजोबा हवे होते जे बायकोला शेवटपर्यंत 'तू' म्हणत नाहीत, पण 'तुम्ही' म्हणून पेशवेही होत नाहीत. मी फारसीपाशी अडकले होते, उत्तर मराठीच्या व्याकरणात निघालं. मराठीत कुणाला उद्देशून बोलतोय हे न सांगता बोलायच्या पुष्कळ वाटा आहेत. "घेतेस का" आणि "घेता का" यांच्यामध्ये "घेणार का" आहे, ज्यात तूही नाही आणि तुम्हीही नाही. "गोळी घेतलीस" आणि "गोळी घेतलीत" यांच्यामध्ये नुसतं "गोळी घेतली का?" आहे, कारण तिथं क्रियापद गोळीच्या मागं जातं, माणसाच्या नाही. "कुठं निघालीस"च्या जागी "कुठं निघायचं?" आहे.

जोडप्याच्या ३८ सबटायटल्सपैकी आजोबांची १९ होती. एकेक घेऊन बसले. 'चाई मीखोरीन?' झालं "हाज-खानुम, चहा घेणार का?" 'गोर्सेतूनो खोर्दीन?' झालं "गोळी घेतली का?" एके ठिकाणी आजोबा म्हणतात, 'शोमा रास्त मीगीन', तुम्ही खरं बोलताय. हे 'रास्त' म्हणजे आपल्या रास्त भावातलंच. ते नुसतं "खरं आहे" झालं. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, त्यांच्या १९२५ सालच्या फारसी-मराठी कोशात असे फारसीतून मराठीत आलेले शब्द पानोपानी भेटतात. ते शब्द घरात येऊन बसले, पण कुणी कुणाला काय म्हणायचं हे मात्र आपण आपलंच ठेवलं.

१९पैकी १८ वाक्यं सर्वनामाशिवाय बसली. आदर 'हाज-खानुम' या हाकेवर सोपवला, ती मी प्रत्येक ठिकाणी जशीच्या तशी ठेवली. एक वाक्य उरलं. नवव्या मिनिटाला आजोबा म्हणतात, 'मन शोमा रो अझीयत कर्दम', मी तुम्हाला त्रास दिला. हेही चुकवता आलं असतं, "माझ्यामुळं खूप त्रास झाला" म्हणून. पण इथं मी मुद्दाम "मी तुम्हाला खूप त्रास दिला" लिहिलं. सगळीकडंच चुकवलं असतं तर आजोबा काय चुकवतायत हे प्रेक्षकाला कळलंच नसतं. एकदा तरी 'तुम्ही' ऐकू यायला हवं, आणि माफी मागताना ते ऐकू आलं तर पेशवाई वाटत नाही. हे माझं म्हणणं नाही, ऑफिसमधले ते दोघं या वाक्याला हसले नाहीत, त्यावरून सांगतेय.

टॅक्सीच्या दृश्यात वेगळी गंमत होती. ड्रायव्हर आजींना म्हणतो, 'हाज-खानुम, शोमा बिया.' सर्वनाम आदराचं, क्रियापद एकवचनी. शब्दशः "तुम्ही ये". व्याकरणाच्या पुस्तकात ही चूक ठरेल, पण तेहरानच्या रस्त्यावर हे सतत ऐकू येतं. मान ठेवायचा आहे, पण ऑफिसी व्हायचं नाही, अशा वेळी लोक असं बोलतात. मराठीत "तुम्ही ये" होत नाही. पण आपल्याकडं रिक्षावाला म्हणतोच की, "आजी, ये इकडनं." मान 'आजी'त असतो, आपलेपणा 'ये'त. मी तेच लिहिलं. हे एकच वाक्य मला पाच मिनिटांत जमलं.

तिसरा खर्डा घेऊन मी आजीकडं गेले. ती ८१ वर्षांची आहे, सबटायटल्स वाचायला तिला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवली. चौथ्या-पाचव्या वाक्यानंतर तिनं विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. दोघंच."

"मग हा असा आडून का बोलतोय बायकोशी?"

तिनं सांगितलं, लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आजोबा असेच बोलायचे. "जेवण झालं का?" "जायचं का?" कारण घरात सासू-सासरे, दीर, जावा. त्यांच्यासमोर बायकोला हाक मारायची लाज. खोलीत आले की 'तू'. म्हणजे मी ज्याला मधली वाट समजत होते तिला मराठीत स्वतःचा जुना अर्थ होता, आणि तो आदराचा नव्हता, संकोचाचा होता. फारसीतला 'शोमा' समोरासमोर, डोळ्यांत बघून म्हणतात. माझं "घेणार का" भिंतीकडं बघून म्हटल्यासारखं होतं.

हे मी दिग्दर्शिकेला जसंच्या तसं सांगितलं. तिन्ही खर्ड्यांत काय जातं ते तिच्यापुढं ठेवलं. पहिल्यात समानता जाते आणि आजोबांचं पाऊल जातं. दुसऱ्यात घर जातं, राजवाडा येतो. तिसऱ्यात मोकळेपणा जातो, थोडा संकोच येतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "संकोच चालेल. माझ्या आजोबांमध्येही होता. वर-खाली नको."

तिसरा खर्डा ठरला. शेवट असा गेला:

```
142
00:17:06,400 --> 00:17:09,100
घाबरू नकोस. मी इथं आहे.

143
00:17:12,800 --> 00:17:14,600
कुठं होतीस?
```

या दुसऱ्या ओळीत मराठीनं एक गोष्ट पदरची घातली आहे. 'बूदी'त बाई की पुरुष हे कळत नाही, फारसी क्रियापदाला लिंगच नाही. आपल्याकडंही 'तुम्ही होतात'मध्ये ते लपतं. पण 'तू'वर आलं की होतास किंवा होतीस यातलं एक निवडावंच लागतं. अठरा मिनिटं 'हाज-खानुम' या पदवीमागं असलेली बाई शेवटच्या शब्दात 'होतीस' होते. हे मूळात नाही. पण मला ते काढताही आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर काढावंसं वाटलंही नाही.

फाइल पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून बघायचं म्हणून मी आईला बसवलं. मी आजोबा, ती आजी. ती छान वाचत होती. १४२वर आली आणि थांबली.

"घाबरू नका, मी इथं आहे."

"नकोस लिहिलंय, आई."

"दिसतंय मला." तिनं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तोंडातून 'नका'च आलं. मग चष्मा काढून म्हणाली, "नाही गं होत. मी ह्यांना असं म्हणूच शकत नाही."

"हॉस्पिटलमध्ये असते तरी?"

"तेव्हा तर मुळीच नाही. तीस वर्षांत कधी म्हटलं नाही आणि एकदम 'नकोस' म्हटलं तर ते घाबरतील. म्हणतील, आता आपलं काही खरं नाही."

मी त्यावर बराच विचार केला. फारसीत ज्या ओळीत आधार आहे, त्याच ओळीत माझ्या आईला धोक्याची घंटा ऐकू येत होती. ओळ बदलावी का? मग फिल्म पुन्हा लावून पाहिली. 'नतर्स' ऐकल्यावर हाज-आगा लगेच बोलत नाहीत. तीन सेकंदांहून जास्त वेळ ते नुसते तिच्याकडं बघतात. दोन सबटायटल्समधलं ते अंतर मी नुसतं टायमिंग म्हणून मोजलं होतं. बहुधा तेही दचकलेत. मी ओळ बदलली नाही.

बाबा दुसऱ्या खुर्चीत पेपर वाचत सगळं ऐकत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "अगं, म्हणून तर बघ एकदा. मी नाही घाबरत."

आई म्हणाली, "गप्प बसा."